फ्लॅट घेण्यापूर्वी मनपाची टॅक्स पावती पुरेशी आहे की नो ड्यूज प्रमाणपत्रही मागावे?

प्रश्न : नागपुरात जुना, म्हणजे रीसेलचा फ्लॅट घेत आहे. विकणाऱ्याने या वर्षीची घर टॅक्स भरल्याची पावती दाखवली आहे. तेवढी पुरेशी आहे का, की मनपाचे नो ड्यूज वेगळे मागावे लागेल?

दोन्ही मागा, आणि नो ड्यूज हाती आल्याशिवाय रजिस्ट्रीची तारीख पक्की करू नका. पावती एवढेच सांगते की अमुक दिवशी अमुक रक्कम जमा झाली. त्यानंतर किती बाकी उरली, हे तिच्यावरून कळेलच असे नाही. आपल्याला जाणून घ्यायचे असते ते नेमके हेच.

यामागचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार मालमत्ता कराची थकबाकी हा त्या मिळकतीवरचा बोजा असतो, म्हणजे ती माणसाच्या मागे न जाता घराला चिकटून राहते. रजिस्ट्री झाल्यावर विकणारा पुण्याला किंवा मुलाकडे परदेशात निघून गेला, तरी वसुलीची नोटीस त्याच दारावर लागते आणि त्या दारामागे तोवर आपण राहायला आलेले असतो. आधीच्या मालकाकडून ती रक्कम वसूल करण्याचा हक्क आपल्याला असतो, पण पंचवीस-तीस हजारांसाठी दिवाणी दावा कोण चालवणार?

माझ्या बहिणीने त्रिमूर्तीनगरात फ्लॅट घेतला, तेव्हा कागद पाहण्याचे काम माझ्याकडे होते. विकणारे गृहस्थ सभ्य वाटले. त्यांनी मार्च महिन्यातली सहा हजारांची पावती टेबलावर ठेवली आणि ‘टॅक्स क्लिअर आहे’ असे सांगितले. पावतीवरचा इंडेक्स नंबर त्यांच्याच फ्लॅटचा होता आणि वार्षिक करही सहा हजारांच्याच आसपास होता, त्यामुळे वरकरणी सगळे जुळत होते. मी त्यांच्याकडे फक्त त्याच वर्षीचे मागणी बिल मागितले. ते ‘सापडत नाही’ असे उत्तर आले, तेव्हा त्यांनाच सोबत घेऊन लक्ष्मीनगर झोन कार्यालयात गेलो. खिडकीवर इंडेक्स नंबर सांगताच खाते उघडले गेले आणि त्याआधीच्या तीन वर्षांचा कर भरलाच नसल्याचे दिसले.

त्याचा ठोकळ हिशेब असा होता. वर्षाला सहा हजार याप्रमाणे तीन वर्षांचे अठरा हजार मूळ कर. मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के शास्ती लागते. सर्वांत जुन्या वर्षाची शास्ती छत्तीस महिन्यांची 4,320 रुपये, त्यानंतरच्या वर्षाची चोवीस महिन्यांची 2,880 आणि शेवटच्या वर्षाची बारा महिन्यांची 1,440 रुपये, मिळून 8,640. बिले सहामाही असल्यामुळे प्रत्यक्ष आकड्यात थोडाफार फरक पडतो, पण 26,640 रुपयांची बाकी त्या पावतीच्या मागे दडलेली होती. पावती खोटी नव्हती. चालू वर्षाचा कर सहा हजार आणि ही जुनी बाकी, अशा एकूण 32,640 रुपयांपैकी त्यांनी सहा हजार भरले होते, एवढेच.

त्यांनी सुचवले की मनपाची अभय योजना आली की शास्तीत सूट मिळेल, तोवर थांबू या. अशा योजना अधूनमधून येतात हे खरे, पण केव्हा येतील आणि किती सूट देतील याचा भरवसा नसतो, आणि वाट पाहण्याचा भुर्दंड दरमहा दोन टक्क्यांनी वाढतच राहतो. शेवटी ती रक्कम बहिणीने स्वतः त्यांच्या खात्यावर झोनमध्ये भरली, सौद्याच्या उरलेल्या रकमेतून तेवढी वजा केली आणि ते दोघांच्या सहीने लिहून घेतले. नो ड्यूजचा दाखला हाती आल्यावरच विक्रीपत्र केले.

दाखल्यासाठी अर्ज त्या मिळकतीच्या झोन कार्यालयात करायचा असतो. नागपूर मनपाचे दहा झोन आहेत, त्यामुळे आपला फ्लॅट कोणत्या झोनमध्ये येतो ते आधी बिलावर पाहावे. अर्ज विकणाऱ्याच्या नावाने करावा आणि सोबत इंडेक्स नंबर, शेवटची पावती व मालकीच्या कागदाची प्रत जोडावी. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली ही सेवा अधिसूचित आहे, म्हणून अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

दाखला मिळाल्यावर त्यावरचा इंडेक्स नंबर, फ्लॅट क्रमांक आणि ‘अमुक तारखेपर्यंत’ हे शब्द नीट वाचा. मार्चअखेरपर्यंतचा दाखला घेऊन जूनमध्ये रजिस्ट्री केली, तर 1 एप्रिलपासून सुरू झालेल्या नव्या वर्षाची मागणी त्यात आलेली नसते. ती कोण भरणार हे सौदाचिठ्ठीतच लिहून घ्या, आणि बयाणा देतानाच लिहून घ्या, कारण नंतर कुणी ऐकत नाही. पावती धनादेशाची असेल तर तो वटल्याची खात्री करा. धनादेश परत गेला, तर पावती हाती असूनही खात्यावर बाकी तशीच राहते.

आणखी एक ठिकाणी लोक फसतात. काही जुन्या अपार्टमेंटमध्ये फ्लॅटनिहाय आकारणी झालेलीच नसते. संपूर्ण इमारतीची किंवा मूळ प्लॉटची एकच नोंद बिल्डरच्या नावाने चालू असते, आणि विकणारा तीच पावती दाखवतो. मग त्या पावतीवर फ्लॅट क्रमांक नसतो, किंवा क्षेत्रफळ आपल्या फ्लॅटपेक्षा कितीतरी जास्त दिसते. अशा वेळी नो ड्यूज मिळाले, तरी ते त्या एका नोंदीपुरतेच असते. आपल्या फ्लॅटची आकारणी उद्या झाली, तर मागील काळाचे बिलही येऊ शकते. म्हणून आधी स्वतंत्र आकारणी करून घ्यायला सांगा. नुसते नाव बिल्डरचे आणि बाकी तपशील फ्लॅटचा असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र बिल्डरपासून विकणाऱ्यापर्यंतची सर्व विक्रीपत्रे हातात हवीत, कारण पुढे नामांतरासाठी ती लागतीलच.

हा दाखला मनपाच्या करापुरताच आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. मालकीसाठी आखीव पत्रिका आणि विक्रीपत्रांची साखळीच पाहावी लागते. पाण्याचे बिल, विजेचे बिल आणि अपार्टमेंटचा मेंटेनन्स यांची बाकी वेगवेगळी विचारावी. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवर असेल, तर तिथल्या भूभाड्याची चौकशीही प्रन्यासकडेच होते, मनपाच्या दाखल्यात ती येत नाही.

रजिस्ट्रीनंतर तीन महिन्यांच्या आत त्याच झोनमध्ये हस्तांतरणाची सूचना देऊन बिलावर आपले नाव चढवून घ्या. त्या अर्जाला विक्रीपत्राबरोबर हाच नो ड्यूजचा दाखला जोडता येतो, त्यामुळे मूळ प्रत विकणाऱ्याकडे न ठेवता आपल्या फायलीत ठेवा.