थेंबांनी प्रेशर १७ वर आलं, तरी फील्ड का बिघडतं?

"बाबा ६२ वर्षांचे, काचबिंदू आहे. थेंबांनी प्रेशर २४ वरून १७ वर आलं. ओसीटीत नसेची खालची बाजू लाल दिसते आणि आता फील्ड टेस्टमध्ये वर, नाकाच्या बाजूला काळा डाग आलाय. प्रेशर नॉर्मल असून असं कसं?"

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते तपासणं, हे माझं रोजचं काम. ओसीटी हा नसेच्या तंतूंची जाडी मोजणारा स्कॅन, त्यात लाल म्हणजे तंतू पातळ झालेत. बाबांचे दोन्ही रिपोर्ट एकमेकांशी जुळतात, हे आधी सांगते.

डोळ्याच्या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात आणि ते एका बारीक जाळीतून डोळ्याबाहेर पडतात. दाबाने ही जाळी मागे वाकते आणि तंतू तिथेच चिमटतात. जाळीला वर आणि खाली आधार कमी असतो, म्हणून झीज बहुधा तिथून सुरू होते. बाबांची खालची बाजू झिजली. डोळ्यात प्रतिमा उलटी पडत असल्याने खालच्या तंतूंकडे वरचं दृश्य असतं, म्हणून डाग वर आला. कानाकडच्या पडद्यावरचे तंतू मधली आडवी रेषा ओलांडत नाहीत, त्यामुळे नाकाकडचा डाग त्या रेषेवर कापल्यासारखा थांबतो. ओसीटीतही खालची बाजू आणि फील्डमध्येही खालचाच डाग असता, तर मला शंका आली असती.

आता प्रेशर. २१ ही निरोगी लोकांच्या मोजमापांवरून ठरलेली नॉर्मलची वरची सीमा आहे. बाबांच्या नसेला १७ सोसतं की नाही, ते त्यातून कळत नाही. शिवाय १७ हा त्या क्षणाचा आकडा. दिवसभरात तो बदलतो, आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ असेल तर मशीन खऱ्यापेक्षा कमी दाखवतं.

दुसरी शक्यताही आहे. तंतूंचा बराच हिस्सा गेल्यावरच फील्डमध्ये डाग उमटतो, त्यामुळे तो २४ च्या काळातल्या नुकसानीचाही असू शकतो. गेलेले तंतू परत येत नाहीत.

यातलं खरं काय, हे एका टेस्टवरून ठरत नाही. पहिल्या एक-दोन टेस्ट तर पेशंटच्या शिकण्यातच जातात. तेच ठिपके त्याच जागी दोन-तीनदा खोल होत गेले, तर झीज चालू आहे असं समजायचं. रिपोर्टवरचा एमडी म्हणजे फील्ड नॉर्मलपेक्षा सरासरी किती कमी आहे तो आकडा. समजा तो तीन वर्षांत उणे ३ वरून उणे ४.५ झाला, म्हणजे वर्षाला अर्धा डेसिबल. हाच वेग राहिला तर ८२ व्या वर्षी तो उणे १४.५ होईल, आणि तेव्हा चालता-फिरताना अडचण येऊ शकते. अशा वेळी डॉक्टर १७ वर समाधान मानत नाहीत, १३-१४ चं लक्ष्य ठेवतात. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात प्रेशर एका मिलिमीटरने उतरलं की बिघाडाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटलेला दिसला.

"मला तर नीट दिसतंय" असं बाबा म्हणतील. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून त्या बोलण्यावर विसंबू नका. थेंब चालू ठेवा, पुढच्या भेटीला सगळ्या जुन्या फील्ड टेस्ट घेऊन जा, आणि डॉक्टरांना विचारा: कॉर्नियाची जाडी किती, आणि बाबांसाठी टार्गेट प्रेशर किती धरलंय?