दरवर्षी की सरासरी? निविदेतली पात्रता वाचताना

बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्या इंग्रजी निविदा लहान ठेकेदारांना मराठीत उतरवून द्यायचं काम मी करतो. त्याआधी बरीच वर्षं एका ठेकेदाराच्या कार्यालयात बसून याच निविदा भरल्या आहेत. गाव बदलतं, काम बदलतं, घोळ तोच येतो. म्हणून या वेळी वाचकांच्या प्रश्नांपैकी फक्त पात्रता आणि उलाढालीचे.

पेपरातल्या जाहिरातीत उलाढालीची अट दिलेलीच नाही. म्हणजे ती नाही ना?

आहे. जाहिरात म्हणजे नुसती दवंडी. अट निविदा संचात असते, तो mahatenders.gov.in वरून उतरवून घ्या, आणि त्याच कामाखाली शुद्धिपत्रक लागलंय का तेही बघा.

माझ्या चालू खात्यात वर्षाला 60 लाख फिरतात. टर्नओव्हर 60 लाख धरू का?

धरू नका. ‘उलाढाल’ हा शब्दच इथे फसवतो. आपण बोलताना पैसा फिरला की उलाढाल म्हणतो, पण निविदेला हवी असते ती तुम्ही केलेल्या कामाची वर्षभराची रक्कम, नफा-तोटा पत्रकात दिसणारी. खात्यात जमा झालेल्या 60 लाखांत बँकेकडून आलेलं कर्ज असेल, परत मिळालेली बयाणा रक्कम असेल, घरच्या दुसऱ्या खात्यातून वळवलेले पैसे असतील, आणि बिलावरचा जीएसटीही असेल. यातलं काहीच उलाढाल नाही.

दुसरी अडचण तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असणार. लहान ठेकेदार बहुधा आयकराच्या 44AD कलमाखाली अंदाजे नफा दाखवून रिटर्न भरतात. तिथे लेखापरीक्षण लागत नाही. निविदा मात्र ‘ऑडिटेड बॅलन्स शीट’ मागते. काही ठिकाणी सीएचा दाखला चालतो, काही ठिकाणी चालत नाही. कलमाचा तो परिच्छेद घेऊन तुमच्या सीएंकडे जा आणि तिन्ही वर्षांचे आकडे त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

एजंटाने 500 रुपयांत निविदेचा मराठी सारांश दिला. त्यात ‘दरवर्षी 30 लाख उलाढाल आणि 40 लाखांची तीन, 50 लाखांची दोन तसेच 80 लाखांचे एक काम आवश्यक’ असं आहे. काम एक कोटीचं. माझं एक वर्ष 14 लाखांचंच आहे. सोडून देऊ का?

थांबा. तुम्ही मूळ पानाचा फोटो पाठवलात ते बरं केलं. एजंटाच्या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि त्या दोन्ही तुम्हाला घरी बसवणाऱ्या आहेत.

मूळ कलमात शब्द आहेत ‘अ‍ॅव्हरेज अ‍ॅन्युअल फायनान्शियल टर्नओव्हर’. अ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी. ‘वार्षिक सरासरी’ आणि ‘दरवर्षी’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुमचे आकडे 2022-23 चे 14 लाख, 2023-24 चे 38 लाख, 2024-25 चे 44 लाख. बेरीज 96 लाख, तिनाने भागून 32 लाख. अट 30 लाखांची, म्हणजे अंदाजपत्रकी किमतीच्या 30 टक्के. तुम्ही बसता. कलमात ‘इन ईच ऑफ द लास्ट थ्री इयर्स’ असतं, तर मात्र 14 लाखांच्या वर्षाने तुम्हाला बाद केलं असतं. म्हणून सांगतो, हा एक शब्द मूळ पानावर बोट ठेवून वाचा.

दुसरी चूक ‘तसेच’ची. मूळ कागदावर तिन्ही ओळींच्या मध्ये ‘ऑर’ आहे, तोही मोठ्या अक्षरात. ऑर म्हणजे किंवा. 40 टक्क्यांची तीन कामं, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचं एक. यातलं एकच पुरं करायचं. ही मांडणी केंद्रीय दक्षता आयोगाच्या डिसेंबर 2002 च्या परिपत्रकातली आहे आणि तिथून ती असंख्य निविदांत उतरली आहे. टक्के मात्र सगळीकडे तेच नसतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग दोन कामांसाठी 60 टक्के मागतो. त्यामुळे ‘नियम असा आहे’ म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या निविदेत?

आता तुमची कामं. 44 लाखांचा काँक्रीट रस्ता, 41 लाखांचा दुसरा रस्ता, 38 लाखांचा तिसरा. पहिली दोन 40 लाखांच्या वर, तिसरं 2 लाखांनी कमी. इथे एजंटाने कलमाखालची बारीक टीप गाळलेली आहे. तुमच्या निविदेत जुन्या कामाची किंमत, काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून निविदा स्वीकारायच्या शेवटच्या तारखेपर्यंत, दरसाल 7 टक्के सरळ दराने वाढवून धरायला परवानगी आहे. तिसरा रस्ता नोव्हेंबर 2023 मध्ये पूर्ण झाला आणि निविदा नोव्हेंबर 2025 मध्ये बंद होते. दोन वर्षांचे 14 टक्के धरले की 38 लाखांचे 43 लाख 32 हजार होतात. तिसरं कामही बसलं. ही टीप प्रत्येक निविदेत नसते. नसेल तर 38 म्हणजे 38च.

तारखेचा खिळा आणखी एक आहे. ‘ड्युरिंग लास्ट सेव्हन इयर्स एंडिंग लास्ट डे ऑफ मंथ प्रीव्हियस टू द वन इन विच अ‍ॅप्लिकेशन्स आर इन्व्हायटेड’, असं लांबलचक वाक्य आहे. सोप्या मराठीत: निविदा ज्या महिन्यात मागवली, त्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरीपासून मागे सात वर्षं. तुमची निविदा 6 नोव्हेंबर 2025 ला निघाली, म्हणून 1 नोव्हेंबर 2018 ते 31 ऑक्टोबर 2025 ही खिडकी. काम सुरू केव्हा झालं याला महत्त्व नाही, पूर्ण केव्हा झालं याला आहे. तुमचा 44 लाखांचा रस्ता 2018 च्या पावसाळ्याआधी सुरू झाला होता, पण पूर्णत्वाचा दाखला जानेवारी 2019 चा आहे, म्हणून तो धरला जाईल. उलाढालीची तीन वर्षं वेगळी मोजतात, 31 मार्चला संपणारी. या दोन खिडक्यांची गल्लत करू नका.

मी या शब्दांवर इतका का चिडतो, तर माझ्या जुन्या मालकांनी एका वर्षी ‘सिमिलर वर्क’चं भाषांतर ‘तत्सम बांधकाम’ असं वाचून गटाराच्या कामाचा अनुभव रस्त्याला जोडला होता. त्या संचात व्याख्या स्वतंत्र पानावर होती: फक्त सिमेंट काँक्रीटचा रस्ता. तांत्रिक लिफाफ्यातच आम्ही बाहेर. तुमच्या संचातही ती व्याख्या कुठल्या पानावर आहे ते शोधा. तुमचे तिन्ही रस्ते काँक्रीटचे असतील तर ठीक. एखादा डांबरी असेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. कार्यकारी अभियंत्याच्या केबिनमधली मान डोलावणं पुरावा म्हणून चालत नाही.

आणि त्या एजंटाचे 500 रुपये बुडाले असं समजा. ‘अनुभवाचा दाखलाही मिळवून देतो’ असं तो म्हणाला असेल तर त्याचा फोन उचलू नका. खोट्या दाखल्याने काळ्या यादीत नाव तुमचं जातं, त्याचं नाही.

‘सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट’ मागितलंय. तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला माझ्याकडे आहे, तो चालेल?

कलमात ‘शेड्यूल्ड बँक’ असेल तर नाही. भाषांतर ‘ऐपतीचा दाखला’ असंच होतं, म्हणून लोक तहसीलला रांगेत उभे राहतात. बँकेचा दाखला वेगळा असतो, त्याला मालमत्तेची कागदपत्रं आणि वेळ लागतो. आजच शाखा व्यवस्थापकांना भेटा, आणि दाखला किती महिन्यांपेक्षा जुना नको हेही कलमात बघून जा.

उद्यम नोंदणी आहे. सूक्ष्म उद्योगाला उलाढालीची अट माफ असते असं ऐकलंय.

ऐकलंय तिथेच सोडा. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं 2012 चं केंद्रीय खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे. बांधकामाचा ठेका त्यात येत नाही. एखाद्या निविदेत सवलत छापलेली असेल तरच ती सवलत. नसेल तर उद्यमच्या भरवशावर बयाणा रक्कम चुकवू नका.

सीए परगावी आहेत, निविदा परवा बंद होते. मागच्या वर्षी घेतलेला टर्नओव्हरचा दाखला जोडून नंतर नवा देता येईल का?

नाही. मागच्या वर्षीच्या दाखल्यात या वर्षीचं तिसरं आर्थिक वर्षच नाही, म्हणजे सरासरीच वेगळी निघते. शिवाय 1 फेब्रुवारी 2019 पासून सीएच्या प्रत्येक दाखल्यावर यूडीआयएन हा 18 अंकी ओळख क्रमांक लागतो आणि तो udin.icai.org वर कुणीही तपासू शकतं. निविदा महिनाभर उघडी होती. कार्यालय उणीव राहिलेला कागद मागवतं कधी कधी, पण ती त्यांची मर्जी, तुमचा हक्क नव्हे. सीएंना आज फोन करा. यूडीआयएन त्यांच्याच लॉगिनमधून निघतो, तेव्हा परगावी बसूनही ते दाखला देऊ शकतील का ते विचारा. जमत नसेल तर ही निविदा सोडा.

अनुभव, उलाढाल सगळं बसलं तरी ‘बिड कपॅसिटी’त मला बाद केलं. हे काय असतं?

अनुभव तुम्ही काय केलं ते सांगतो, बिड कपॅसिटी सध्या तुमच्या अंगावर किती ओझं आहे ते बघते. हे कलम सगळ्या लहान कामांत नसतं, पण असलं की लोक ते शेवटी वाचतात. सूत्र बहुधा असं:

```
A × N × 2 − B
```

A म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या कुठल्याही एका वर्षात केलेल्या कामाची सर्वांत मोठी रक्कम, N म्हणजे नव्या कामाची मुदत वर्षांत, B म्हणजे हातातल्या कामांपैकी त्या मुदतीत पुरं करायचं राहिलेलं काम. गुणक कुठे 2, कुठे 1.5. वरच्या रस्तेवाल्या वाचकांनाच घ्या. A 44 लाख, मुदत एक वर्ष, हातात 12 लाखांचं काम. 44 गुणिले 1 गुणिले 2, म्हणजे 88, त्यातून 12 गेले, उरले 76 लाख. काम एक कोटीचं. त्यांच्या संचात हे कलम असतं, तर बाकी सगळ्यात बसूनही ते बाहेर पडले असते. मुदत सहा महिन्यांची असेल तर N अर्धा होतो, आणि 44 उणे 12, म्हणजे 32 लाखच उरतात.

A ला जुन्या वर्षाची किंमतवाढ लावायला मिळते का, हे तुमच्या संचात तपासा. तिथे दोन-चार लाख हाती लागतात. B लपवू नका. तुमची चालू कामं त्याच विभागाच्या किंवा शेजारच्या विभागाच्या रजिस्टरवर असतात आणि उघडं पडायला एक फोन पुरतो. तुम्हाला बाद केल्याच्या पत्रात कोणता आकडा धरलाय ते पाहा. तुमच्या आणि त्यांच्या B मध्ये फरक असेल, तर हरकत घ्यायची मुदत संपण्याआधी पूर्ण झालेल्या कामांचे दाखले घेऊन निविदा समजणाऱ्या वकिलाकडे किंवा सीएंकडे जा.