फोटोतले आसन कसे वाचावे: गुडघा, कणा आणि खांदे

प्रश्न : वीरभद्रासन २ चा समोरून काढलेला फोटो पाठवत आहे. त्यात पुढचा गुडघा बरोबर घोट्यावर दिसतो. तरीही वर्गातल्या बाई रोज "गुडघा आत पडतोय" असे सांगतात. मला तर फोटोत तसे काहीच दिसत नाही. – एक वाचक, सांगली

तुमच्या बाईंचे म्हणणे बरोबर आहे आणि फोटोही खोटा नाही. या आसनात छाती कॅमेऱ्याकडे असते आणि पुढचे पाऊल बाजूला वळलेले असते, त्यामुळे पुढचा पाय कॅमेऱ्याला आतल्या बाजूने दिसतो. गुडघा घोट्याच्या पुढे गेला की मागे राहिला, हे अशा फोटोत स्पष्ट कळते. आत पडणारा गुडघा मात्र अंगठ्याच्या बाजूला, म्हणजे थेट कॅमेऱ्याच्या दिशेने सरकतो, आणि कॅमेऱ्याकडे सरकलेली वस्तू सपाट चित्रात जवळजवळ जागच्या जागीच दिसते. नवशिक्यांचे बहुतेक फोटो याच बाजूने काढलेले असतात आणि याच बाजूने ही चूक सर्वात कमी दिसते.

तरीही तुमच्या फोटोत दोन खुणा सापडतात. पहिली खूण गुडघ्याच्या वाटीची. मांडी नीट बाहेर वळलेली असेल, तर वाटी पावलाच्या बोटांकडे रोखलेली असते आणि समोरून तिची फक्त कड दिसते. तुमच्या फोटोत वाटीचा गोल जवळजवळ पूर्ण दिसतो आहे, याचा अर्थ मांडी आत वळली आहे. दुसरी खूण पावलाची. पावलाची आतली कमान कॅमेऱ्यासमोर आहे, पण तिच्याखाली मोकळी जागा दिसत नाही आणि ती मॅटला टेकली आहे. ज्यांचे तळवे मुळातच सपाट असतात त्यांच्या बाबतीत या दुसऱ्या खुणेवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ताडासनातल्या पावलाचा फोटो शेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहावेत.

खात्रीसाठी फोटो पुढच्या पावलाच्या दिशेने, बोटांसमोरून काढावा. फोन गुडघ्याच्या उंचीवर आणि साधारण तीन मीटर लांब ठेवावा व गरज पडल्यास झूम करावे. जवळून आणि छातीच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत पाय आखूड आणि तिरपे दिसतात. फोटोवर वाटीच्या मध्यापासून सरळ खाली रेघ ओढावी आणि ती रेघ उभी आहे ना, हे मागच्या दाराच्या चौकटीवरून तपासावे. रेघ पावलाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोटाच्या आसपास उतरली तर ठीक आहे. ती अंगठ्याच्याही आत उतरत असेल, तर बाई म्हणतात तीच चूक आहे.

आता कारणाकडे वळू. तुमच्या फोटोत ओटीपोट अगदी सपाट कॅमेऱ्याकडे धरलेले दिसते. खुब्याचा सांधा तेवढा उघडत नसेल, तर ओटीपोट असे धरण्याच्या आग्रहात पुढची मांडी आत ओढली जाते आणि तो पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून मागच्या बाजूचा खुबा थोडा पुढच्या पायाकडे वळू द्या, दोन पावलांमधले अंतर वीतभर कमी करा आणि पुढचा गुडघा काटकोनात आणण्याचा हट्ट सोडा. पावलाची करंगळीकडची कड मॅटवर दाबा आणि बोटांसमोरून पुन्हा फोटो काढा. कमी वाकवल्यावर गुडघा रेघेवर येत असेल, तर सध्या तेवढीच तुमची मर्यादा समजावी. अजिबात न वाकवताही वाटी आतच पाहत असेल, तर पायाच्या हाडाची ठेवणच तशी असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पाऊल आणि वाटी एका दिशेत ठेवण्यासाठी पावलाचा कोन बदलावा, गुडघा जोराने बाहेर ढकलू नये.

आणखी एक गोष्ट. आसनात गेल्या गेल्या काढलेला फोटो नेहमीच चांगला येतो. पाचव्या-सहाव्या श्वासाला काढलेला फोटो अभ्यासाला अधिक उपयोगी पडतो, कारण मांडी थकली की गुडघा आत घसरू लागतो.

प्रश्न : त्रिकोणासनाच्या फोटोत माझा पुढचा गुडघा सरळ न दिसता मागे वाकलेला दिसतो. हा फोटोचा दोष असेल का? – एक वाचक, पुणे

येथे समोरचा फोटोच योग्य आहे, कारण पुढचा पाय बाजूने दिसतो. पोटरीच्या गोलाईवर मात्र विसंबू नका, कारण भरलेली पोटरी असली की सरळ पायही मागे गेलेला वाटतो. मांडीच्या वरच्या टोकाशी खुबा, गुडघ्याचा मध्य आणि घोट्याचे हाड असे तीन ठिपके द्या आणि ते जोडा. गुडघ्याचा ठिपका खुबा-घोटा रेघेच्या मागे, म्हणजे वाटीच्या विरुद्ध बाजूला गेला असेल, तर सांधा मागे झुकतो आहे. हा झुकाव १० अंशांपेक्षा अधिक असेल, तर वैद्यकीय तपासणीतही त्याची गणना सांध्याच्या अतिलवचीकपणात होते. अशा व्यक्तीला "वाटी वर खेचा" ही नेहमीची सूचना उलट पडते, कारण त्यामुळे गुडघा आणखी मागे जातो. त्याऐवजी गुडघा नावापुरता वाकवावा, अंगठ्याचे मूळ मॅटवर दाबावे आणि पोटरी घट्ट करावी. फोटोत तिन्ही ठिपके एका रेघेवर आले, तरी सुरुवातीला आतून गुडघा वाकलाच आहे असे वाटत राहील. काही आठवडे त्या वाटण्यापेक्षा फोटोवर विश्वास ठेवावा.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. पश्चिमोत्तानासनाचा यजमानांनी बाजूने काढलेला फोटो पाहून मला धक्काच बसला. पाठ अगदी कुबडासारखी दिसते. ती सरळ कशी करू? – एक वाचक, डोंबिवली

पाठीकडे पाहण्याआधी पँटचा कमरपट्टा पाहा. कुर्ता खोचून घ्या किंवा वर बांधा, म्हणजे तो दिसेल. ओटीपोट पुढे कलले असेल, तर पट्ट्याची पोटाकडची बाजू खाली आणि पाठीकडची वर जाते. तुमच्या फोटोत नेमके उलटे आहे. पाठीकडची बाजू खाली आहे, म्हणजे पुढे वाकताना ओटीपोट मागेच राहिले आणि सगळा वाक कमरेच्या मणक्यांना द्यावा लागला. मांडीमागचे स्नायू ताठर असले की ते बैठकीच्या हाडांना मागून धरून ठेवतात, त्यामुळे हे घडते. तेव्हा पाठ सरळ करण्याची धडपड करून काही साधत नाही. ओटीपोट आधी मोकळे व्हायला हवे.

यासाठी नुसत्या दंडासनाचा फोटो काढा. त्यातही पट्टा मागे उतरलेला दिसला, तर चूक वाकण्यापूर्वीच सुरू झाली आहे. घडी घातलेल्या चादरी बैठकीखाली एकेक वाढवत न्या आणि पट्टा आडवा दिसेल त्या उंचीवर थांबा. अनेकांना आठ-दहा सेंटिमीटर उंची लागते. गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. मग पट्ट्याची पोटाकडची बाजू खाली जात राहील तेवढेच पुढे वाका, आणि ती थांबली की तुम्हीही थांबा. हात पावलांपर्यंत पोहोचले नाहीत तरी चालेल.

पाठीचा वरचा भाग मात्र फळीसारखा सपाट दिसलाच पाहिजे असे नाही. छातीमागचा कणा मुळातच बाहेरच्या बाजूला गोलाईदार असतो. हनुवटी पुढे काढून डोके पायांकडे रेटल्याचे दिसले, तर ते मात्र सुधारावे, कारण त्यामुळे फोटोत अंतर कमी दिसते एवढेच, प्रत्यक्षात मानेवर ताण पडतो.

तुमच्या वयात एक दक्षता आवश्यक आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झाली असतील, तर गोल पाठीने जोर लावून पुढे वाकण्यात मणका दबण्याचा धोका असतो. हाडांच्या घनतेची तपासणी झालेली नसेल, तर डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि तोवर ओढून वाकू नये. वाकताना पायात कळ किंवा मुंग्या उतरत असतील, तर आसन लगेच थांबवावे. फोटो कितीही चांगला असला तरी त्यात हे दिसणार नाही.

प्रश्न : अधोमुख श्वानासनात "खांदे कानांपासून लांब ठेवा" ही सूचना मी पाळतो, तरी खांद्यात टोचते. फोटो सोबत आहे. चूक कुठे आहे? – एक वाचक, नागपूर

तुमच्या फोटोत मनगट, खांदा आणि खुबा हे तीन ठिपके जोडले, तर खांदा रेघेच्या खाली, जमिनीकडे गेलेला दिसतो. काख खाली दाबली आहे आणि खालच्या बरगड्या पुढे निघाल्या आहेत. छाती जमिनीकडे ढकलल्याने पाठ सपाट दिसते, म्हणून नवशिक्याला हे चांगले वाटते. पण यात शरीराचा भार खांद्याच्या सांध्याच्या टोकावर लटकतो. याउलट खांदा रेघेच्या वर आणि पाठ कमानीसारखी गोल असती, तर दोष बहुधा मांडीमागच्या ताठरपणाचा असता आणि गुडघे वाकवताच तो सुधारला असता. दोन्ही फोटो ओझरते पाहिले तर सारखेच वाटतात, पण उपाय अगदी वेगळे आहेत.

तुम्ही पाळता ती सूचना उभ्या आसनांत, हात खाली असताना ठीक आहे. हात डोक्याच्या वर गेले की त्या हालचालीचा सुमारे एक तृतीयांश भाग खांद्याच्या पात्याने वर फिरून द्यायचा असतो. अशा वेळी पाती खाली खेचून धरली, तर दंडाच्या हाडाला वरची जागा अपुरी पडते आणि टोचू शकते. म्हणून तळहातांनी जमीन दूर ढकला, खांदे कानांकडे थोडे येऊ द्या, बरगड्या आत घ्या आणि गुडघे वाकवा. नव्या फोटोत तिन्ही ठिपके एका रेघेत आले आणि टोचणे थांबले, तर मार्ग योग्य आहे. फोटो सुधारला पण टोचणे तसेच राहिले, तर हे आसन सोडून खांदा तज्ज्ञाला दाखवा.

कोपरांविषयीही विचारले आहे. अनेकांचा, विशेषतः स्त्रियांचा, हात कोपरापासून बाहेरच्या बाजूला किंचित वळलेला असतो. मागून काढलेल्या फोटोत तो वाकडा दिसला, तरी ती चूक नाही.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलीच्या ताडासनाच्या फोटोत एक खांदा खाली दिसतो. सराव करून तो सरळ होईल का? – एक पालक, रत्नागिरी

आधी फोटो तपासा. मागची खिडकी किंवा फरशीची रेघ तिरपी असेल, तर फोनच कललेला होता. सेल्फी असेल तर डावे-उजवे उलटलेले असू शकते. तिला दोन्ही पायांवर सारखा भार द्यायला सांगून पाठीमागून पुन्हा फोटो काढा. तोच खांदा पुन्हा खाली दिसला, तर पावले जुळवून, गुडघे सरळ ठेवून, दोन्ही हात जोडून खाली सोडत तिला पुढे वाकायला सांगा आणि पाठ आडवी होईल तेव्हा मागून, पाठीच्याच उंचीवरून फोटो घ्या. कण्याच्या एका बाजूच्या बरगड्या दुसऱ्या बाजूपेक्षा उंच दिसल्या, तर कणा बाजूला वाकण्याबरोबर फिरलाही असण्याची शक्यता असते.

तो फोटो घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्याआधी खांदा "सरळ करण्याचा" कोणताही सराव सुरू करू नका. या वयात उंची झपाट्याने वाढते आणि वाक असल्यास तोही वाढू शकतो, त्यामुळे महिनोन्महिने वाट पाहू नये. वाक किती अंशांचा आहे हे एक्स-रेवर मोजतात आणि १० अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. दोन्ही बाजू सारख्या उंच दिसल्या, तर बहुधा उभे राहण्याची किंवा एकाच खांद्यावर दप्तर घेण्याची सवय कारणीभूत असेल. तरीही तीन-चार महिन्यांनी त्याच जागी, त्याच अंतरावरून पुन्हा फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.