फुटकी-मळकी अंडी आणि पुरवठादाराला पत्र : प्रश्नोत्तरे

"टेम्पोवाला घाईत पेट्या उतरवून गेला. तासाभराने उघडल्या तर बरीच अंडी तडकलेली. पुरवठादार म्हणतो, 'तुमच्याकडे फुटली असतील.' पत्रात काय लिहू?"

'खूप अंडी खराब निघाली' असं लिहू नका. त्यावर हेच उत्तर येणार. कोणत्या पेटीत, कितव्या ट्रेमध्ये, कशी फुटली ते लिहा, कारण फुटण्याच्या जागेवरून बरंच काही कळतं. तडकलेली अंडी एकाच पेटीच्या खालच्या ट्रेमध्ये असतील तर वजन किंवा आदळआपट, म्हणजे रचणी आणि वाहतूक. सगळ्या पेट्यांत इकडेतिकडे विखुरलेली असतील तर कवच पातळ असण्याची शक्यता जास्त: कोंबड्या वयस्क झाल्या असतील किंवा उन्हाचा तडाखा बसला असेल. तड्याच्या कडेला पांढरा बलक वाळून चिकटला असेल तर अंडं तुमच्याकडे यायच्या बरंच आधी फुटलंय. हा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. पुसण्याआधी त्याचा जवळून फोटो घ्या.

पत्र साधारण असं:

"महोदय, मंगळवारी सकाळी तुमच्या टेम्पोतून २ पेट्या, म्हणजे १४ ट्रे, ४२० अंडी मिळाली (चलान क्रमांक अमुक). त्याच दिवशी तासाभरात तपासली. ६ गळकी आणि २३ तडकलेली निघाली. या २९ पैकी १९ दुसऱ्या पेटीच्या खालच्या दोन ट्रेमध्ये होती आणि त्यांतल्या बऱ्याच अंड्यांच्या तड्यावर बलक वाळलेला होता. शिवाय ३१ अंड्यांना विष्ठा लागलेली आहे. ती दोन्ही पेट्यांत आहेत. फोटो सोबत पाठवले आहेत. बिलातला दर शेकडा ६१० रुपये, त्यामुळे ६० अंड्यांचे ३६६ रुपये होतात. ते पुढच्या बिलात वळते करावेत किंवा पुढच्या फेरीत ६० चांगली अंडी द्यावीत. खराब अंडी बुधवार संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवली आहेत, पाहायची असल्यास माणूस पाठवावा. यापुढे ट्रे टेम्पोवाल्यासमोर उघडून मोजूनच चलानवर सही करीन."

चढा सूर नको, धमकीही नको. आकडे, मागणी आणि मुदत एवढं पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि छापील प्रत टेम्पोवाल्याच्या हाती देऊन पोच घ्या.

"घाण लागलेली अंडी धुऊन विकली तर चालतील का? तक्रार करायची गरजच काय?"

धुऊ नका. कवचावर हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर नैसर्गिक लेप असतो. धुताना तो निघून जातो. त्यात अंड्यापेक्षा थंड पाणी वापरलं तर आतला भाग आकुंचन पावतो आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. अंडं वरून चकचकीत दिसतं आणि लवकर बिघडतं. ओल्या फडक्याने पुसणंही असंच.

घाण कसली आहे ते मात्र पत्रात वेगळं लिहा. विष्ठा असेल तर ती पोल्ट्रीतलीच. पण वरच्या ट्रेमधलं एखादं अंडं गळून खालच्या दहा अंड्यांवर बलक ओघळला असेल तर ती घाण फुटण्याची आहे. दोन्ही एकाच आकड्यात घातली की पुरवठादार बरोबर त्यावर बोट ठेवतो. बलकाने माखलेली अंडीही ठेवून विकण्याजोगी राहत नाहीत, बदलूनच मागा.

"बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. गिऱ्हाईक घरी जाऊन फोन करतं. आधी कळावं कसं?"

अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून फिरवा, तडा उजळ रेघेसारखा दिसतो. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवली तर धड अंडी टणक वाजतात, तडकलेलं बद्द वाजतं. सगळी तपासायला वेळ नसेल तर प्रत्येक पेटीचा सगळ्यात खालचा आणि एक मधला ट्रे तरी पाहा.

"दाद देत नाही. पैसे अडवू की ग्राहक मंचात जाऊ?"

ग्राहक मंचाचा रस्ता बंद आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुनर्विक्रीसाठी माल घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही. तुमचा आधार १९३०चा माल विक्री कायदा. त्यात माल विकण्याजोगा असण्याची अट गृहीत धरलेली आहे. मात्र माल ठेवून घेतला आणि वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, तर तो स्वीकारला असं मानलं जातं. अंड्यांच्या बाबतीत आठवडाभराने केलेली तक्रार मला तरी टिकेलशी वाटत नाही. म्हणून त्याच दिवशी लिहायचं.

पूर्ण बिल अडवू नका. वादातले ३६६ रुपये तेवढे बाजूला ठेवा, बाकी वेळेवर द्या आणि तसं लिहून कळवा. घाणीचा प्रकार वारंवार होत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. बिलावर एफएसएसएआयचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक असायला हवा, तो आधी पाहून ठेवा.

"ट्रेमागे एखाददुसरं जातंच म्हणतात. मग किती फुटलं की तक्रार करावी?"

हे ठरवायचं असतं पहिल्या ऑर्डरला, भांडणाच्या दिवशी नाही. पेटीमागे किती फूट तुम्ही सोसायची आणि त्यावरची कोणी भरून द्यायची, हे चलानच्या मागे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या.