न्यूबॉअर चेंबरच्या फोटोवरून यीस्टची प्रति मिलिलिटर संख्या

प्रश्न: बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी चिकोडी भागातल्या डिस्टिलरीतून मळीच्या फर्मेंटरचा नमुना आणला. १ मिली नमुना ९ मिली पाण्यात मिसळला, मग त्यात तेवढंच मिथिलीन ब्लू घातलं. मोबाइलच्या फोटोत मधल्या चौकोनातल्या पाच घरांत २१२ पेशी आल्या. मैत्रीण १०,००० ने गुणायला सांगते, सर ५०,००० ने. बरोबर कोण?

उत्तर: आपले सर बरोबर आहेत. १०,००० हा गुणक १ मिमी बाजूचा अख्खा चौकोन मोजला असेल तेव्हाचा आहे. सुधारित न्यूबॉअर चेंबरमधला मधला चौकोन तिहेरी रेघांनी २५ घरांत विभागलेला असतो आणि त्यातील प्रत्येक घरात १६ बारीक घरे असतात. एका घराची बाजू ०.२ मिमी व द्रवाची खोली ०.१ मिमी असल्यामुळे पाच घरांवरील द्रव ०.०२ घन मिमी भरतो आणि एका मिलिलिटरमध्ये तो ५०,००० वेळा मावतो.

आता विरलन पाहू. १ मिलीचे एकूण १० मिली झाले, त्यात तेवढाच रंग मिसळल्याने ते दुप्पट झाले, म्हणून २० पट धरावी. (९ ऐवजी १० मिली पाणी घातले असते, तर ती २२ पट झाली असती.)

```
212 × 50,000 × 20 = 2.12 × 10^8
```

म्हणजे मिलिलिटरला सुमारे २१ कोटी पेशी. यात निळ्या, म्हणजे मृत पेशीही आल्या. जिवंत पेशींची संख्या हवी असेल, तर निळ्या पेशी वेगळ्या मोजून २१२ मधून वजा कराव्यात.

हा हिशेब ज्या ०.१ मिमी खोलीवर उभा आहे, ती मात्र फोटोत दिसत नाही. डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत हेच काम रोज करत असल्याने मी चेंबर भरण्यापूर्वी जाड कव्हर ग्लास दाबून बसवतो आणि आधाराच्या पट्ट्यांवर इंद्रधनुषी कडी उमटली की नाही हे पाहतो. ती नसेल, तर काच नीट टेकलेली नाही, खोली वाढलेली आहे आणि संख्या खऱ्यापेक्षा जास्त येणार, असे समजावे. नेहमीची पातळ कव्हर स्लिप वाकते, म्हणून ती येथे चालत नाही.

भरल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून, रेघा आणि पेशी एकाच वेळी स्पष्ट दिसू लागल्यावरच फोटो काढावा, कारण तरंगत असलेल्या पेशी त्यात पुसट येऊन सुटतात. मळीतील गाळाचे कण कोनदार व काळपट दिसतात, तर यीस्टची कड गुळगुळीत, अंडाकृती असते. तिहेरी रेघांतील मधली रेघ घराची हद्द मानावी. वरच्या व डाव्या हद्दीला टेकलेल्या पेशी धराव्यात, खालच्या व उजव्या सोडाव्यात. कळी मातृपेशीच्या निम्म्याहून मोठी असेल, तरच ती वेगळी मोजावी.

२१२ च्या मोजणीत निव्वळ योगायोगानेच सुमारे ७ टक्के फरक पडू शकतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचे चेंबरही भरून मोजा. दोन्ही आकड्यांत २० टक्क्यांहून अधिक तफावत आली, तर सरासरी काढू नका. नमुना पुन्हा हलवून दोन्ही चेंबर नव्याने भरा.