पाळीची वही आणि कोरी पानं

"मला लहानपणापासून फिट्स आहेत, गोळ्या चालू आहेत. पण पाळीच्या दोन दिवस आधी फिट येतेच येते. डॉक्टरांना सांगितलं की ते म्हणतात, गोळ्या चुकवू नका. मी चुकवत नाही. हा माझ्या मनाचा खेळ आहे का? आणि पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली तर फिटही थांबेल का?"

मनाचा खेळ नाही. अपस्मार असलेल्या साधारण तीनपैकी एका बाईला महिन्याच्या ठरावीक दिवसांत जास्त फिट्स येतात. बीजकोशातून येणारं प्रोजेस्टेरॉन शरीरात मोडतं तेव्हा त्यातून अ‍ॅलोप्रेग्ननोलोन नावाचा पदार्थ तयार होतो. तो मेंदूच्या पेशींना आवरून धरतो, जवळजवळ फिटच्या गोळीसारखा. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि हा आवर सैल पडतो. इस्ट्रोजेनचा कल उलटा, पेशींना चेतवण्याकडे. त्यामुळे या दोघांचं प्रमाण बिघडतं ते दिवस नाजूक असतात. काहींना पाळीच्या आगेमागे त्रास होतो, काहींना महिन्याच्या मध्यावर, बीज सुटतं तेव्हा. काहींचा तर महिन्याचा सगळा उत्तरार्ध वाईट जातो.

हे खरं असलं तरी "दोन दिवस आधी येतेच येते" एवढ्या वाक्यावर कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट औषध बदलणार नाही, आणि बदलूही नये. का, ते शुभांगीच्या गोष्टीतून सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

शुभांगी पेडणे तालुक्यातली, वय एकोणतीस. नवरा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला. घरात सासूबाई, मोठे दीर आणि जाऊ. माझ्याकडे म्हापशाला आली तेव्हा तुमच्यासारखंच बोलली, एक वाक्य जास्त: "ताई, घाड्याकडेसुद्धा जाऊन आलो. तो म्हणाला, बाहेरची असताना हिला काहीतरी लागलंय." म्हणजे पाळी आणि फिट यांचा मेळ त्या मांत्रिकालाही दिसला होता. कारण तेवढं त्याने दुसरं लावलं.

तिला लेव्हेटिरासेटाम ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ होती. फिट्स दोन तऱ्हेच्या. बहुतेक वेळा ती बोलता बोलता हरवायची, ओठ चाटायची, हाताने पदर चाळवत राहायची आणि दीडेक मिनिटाने भानावर यायची. क्वचित संपूर्ण अंगाला झटके येऊन खाली पडायची. पहिल्या तऱ्हेची फिट तिची तिलाच कळत नसे. म्हणून वही तिने एकटीने ठेवून भागणार नव्हतं. नवरा रात्रपाळीला गेला की लिहायचं काम जावेकडे आलं.

मी तिला दुकानातली शंभर पानी वही घ्यायला सांगितली. तारीख, रक्तस्राव, फिट कुठली, किती वाजता आणि किती वेळ, गोळी चुकली का, झोप किती, आणि ताप, उलटी, जागरण असं काही वेगळं, एवढंच लिहायचं. लांब नावांच्या भानगडीत पडलो नाही. हरवते ती "ह", पडते ती "प". जमलं तर जावेने मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, आणि झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर वही बाजूला टाकून १०८ ला फोन करायचा.

पहिल्या महिन्याची वही वाया गेली. शुभांगीने फक्त पाळीच्या आसपासचे आठ-नऊ दिवस लिहिले होते, बाकी पानं कोरी. मी विचारलं, या कोऱ्या दिवसांत फिट आली नाही की लिहायचं राहिलं? तिला सांगता येईना, जावेलाही नाही. आपल्याला जे खरं वाटतं तेवढ्याच दिवसांवर लक्ष ठेवलं तर तेच खरं ठरणार. पाळीच्या आधी आलेली फिट पक्की लक्षात राहते, पंधराव्या दिवशी आलेली विसरते. मग ठरवलं की रोज रात्री पानावर काहीतरी आलंच पाहिजे. काही झालं नाही तर आडवी रेघ.

दुसरी चूक मोजणीची होती. ती पाळी संपल्यापासून दिवस मोजत होती. न्यूरॉलॉजिस्टला पहिला दिवस हवा असतो तो नीट रक्तस्राव सुरू झाल्याचा. आदल्या दिवशी नुसता डाग दिसला तर तो वेगळा लिहायचा, एक नंबर द्यायचा नाही. त्याच्या आधीचा दिवस उणे एक, मग उणे दोन, उणे तीन. मध्ये शून्य नसतं. पाळीच्या आगेमागे म्हणतात ती खिडकी उणे तीनपासून तिसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे सहा दिवसांची.

आणि वही रोजच्या रोज. अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री बसून भरलेली वही मी लांबून ओळखते. तीन महिने एकच पेन, एकच शाई, अक्षर एकसारखं. खरी वही मळते, तिच्यावर हळदीचे डाग पडतात.

पुढच्या तीन पाळ्यांची वही मात्र अशीच मळकी आली. चक्रं २७, २९ आणि २८ दिवसांची, म्हणजे एकूण ८४ दिवस. त्यात फिट्स १४. खिडकीचे दिवस तीन चक्रांत मिळून १८. फिट्स महिनाभर सारख्या पसरलेल्या असत्या तर त्या १८ दिवसांत ३ यायला हव्या होत्या. आल्या ८. उरलेल्या ६६ दिवसांत ६. शुभांगीचं म्हणणं खरं निघालं म्हणून मी खूश झाले आणि वही मिटणार, तेवढ्यात "गोळी चुकली का" या रकान्याकडे नजर गेली.

तीनही चक्रांत दुसऱ्या दिवसासमोर जावेच्या अक्षरात फुली होती, आणि तीनही वेळा त्याच दिवशी किंवा त्याच्या पुढच्या दिवशी फिट. शुभांगी तर म्हणत होती की गोळी कधी चुकत नाही. खोटं बोलत नव्हती. "चुकत नाही ताई, राहते," ती म्हणाली. गोळ्या स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर. पाळीत ती चार दिवस मागच्या खोलीत बाजूला बसते, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. पहिल्या दिवशी जाऊ आठवणीने गोळी आणून देई. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या गर्दीत राहून जाई, आणि शुभांगीला पुन्हा हाक मारायचा संकोच. सकाळची गोळी दुपारी, कधी थेट रात्री. लेव्हेटिरासेटाम शरीरातून लवकर निघून जातं, सहा-आठ तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. सकाळची गोळी राहिली की संध्याकाळपर्यंत मेंदूला आधार फारसा उरत नाही.

म्हणजे "गोळ्या चुकवू नका" म्हणणारे डॉक्टरही थोडे बरोबर होते. थोडेच. गोळी राहिल्यावरच्या त्या ३ फिट्स मी बाजूला काढल्या. खिडकीत तरीही ५ उरल्या, आणि त्या पाचही पाळी सुरू होण्याआधीच्या, जेव्हा ती स्वयंपाकघरात वावरत होती आणि गोळ्या वेळेवर घेत होती. खिडकीतल्या दिवसांचा दर इतर दिवसांच्या तिप्पट पडत होता. पाळी सुरू झाल्यावरच्या फिट्स फळीवर राहिलेल्या गोळ्यांमुळे आणि पाळीआधीच्या संप्रेरकांमुळे, अशा दोन वेगळ्या गोष्टी एकाच आठवड्यात जाऊन बसल्या होत्या. वही नसती तर त्या एकच वाटल्या असत्या, आणि औषध विनाकारण वाढलं असतं. तिचा "दर महिन्याला, येतेच येते" हा दावाही टिकला नाही, कारण मधल्या चक्रात पाळीआधी एकही फिट नव्हती.

न्यूरॉलॉजिस्टला मी अख्खी वही दिली नाही. ओपीडीत त्यांच्याकडे पाच-सात मिनिटं असतात. एका फुलस्केपवर तीन आडव्या ओळी काढल्या, ओळीला एक चक्र. पाळीचे दिवस लाल, फिट्सचे "ह" आणि "प", चुकलेल्या गोळीची फुली. त्यांनी कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "या फुल्या कशाच्या?" तो प्रश्न सुटल्यावरच औषधाचं बोलणं सुरू झालं. रोजची गोळी तीच ठेवली. चक्रं नियमित होती म्हणून पाळी अपेक्षित असते त्याच्या तीन दिवस आधीपासून काही दिवस रात्री क्लोबाझाम दिलं. हे औषध रोज घेतलं तर काहींमध्ये त्याचा जोर ओसरतो, तेवढ्याच दिवसांपुरतं घेतलं तर ती अडचण कमी येते. झोप येते, म्हणून रात्रीच घ्यायचं. थांबवायचं कसं हेही डॉक्टरच लिहून देतात. एकाएकी सोडलं तर त्यानेच फिट येऊ शकते, त्यामुळे शेजारणीची चिठ्ठी बघून हे करू नका. ज्यांची पाळी आठ-दहा दिवस मागेपुढे होते त्यांना हा उपाय जमतच नाही, कारण सुरुवात कधी करायची तेच कळत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पाळी पुढे ढकलायची गोळी दुकानातून आणून फिटवर उपाय म्हणून घेऊ नका. ती थांबवली की काही दिवसांत रक्तस्राव होतोच, आणि त्या महिन्याची वहीतली मोजणी निकामी होते. घेतली असेल तर तारखेसकट लिहा. पाळी थांबवून फिट्स कमी करण्याचे उपचार आहेत, पण ते स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनी मिळून ठरवायचे असतात. कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. उलट इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण घटतं आणि फिट्स वाढू शकतात. तुम्ही कुठली गोळी घेता ते लिहिलेलं नाही, म्हणून याहून पुढे मी बोलत नाही.

राहता राहिली देव्हाऱ्याशेजारची फळी. त्यासाठी सासूबाईंना बोलवावं लागलं, आणि मी वादाच्या तयारीने बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुनेकडे वळल्या आणि म्हणाल्या, "वखदाक कसलो विटाळ? तोंड ना तुका सांगपाक?" पुढच्या बाजाराच्या दिवशी म्हापशाहून स्टीलची छोटी डबी आली. बाजूला बसणं काही बंद झालं नाही, आणि मी तो विषयही काढला नाही. मला त्या घडीला गोळी पोटात जायला हवी होती.

क्लोबाझाम सुरू झाल्यानंतरच्या तीन चक्रांत फिट्स ५ आल्या, त्यांतल्या २ पाळीआधी. गोळीच्या रकान्यात फुली एकही नाही. चतुर्थीच्या आठवड्याचं पान जावेने लिहिलं आहे: "पाळी आज, दिवस १. ढकलायची गोळी घेतली नाही. मोदक मी एकटीने केले. डबी हिच्या उशाशी." फिटच्या रकान्यात आडवी रेघ.