सेल्सच्या नोकरीसाठी कव्हर ईमेलमध्ये टार्गेट, ग्राहक आणि फॉलो-अप आकड्यांत कसे लिहावेत?

प्रश्न: ऑफिस प्रिंटर विकणाऱ्या कंपनीत सेल्स एक्झिक्युटिव्ह आहे, आता दुसरीकडे अर्ज करतोय. गेल्या वर्षी टार्गेट २४० मशीनचं होतं, २३४ झाली. एक तिमाही पडली. कव्हर ईमेलमध्ये टार्गेट, ग्राहक, फॉलो-अप हे सगळं आकड्यांत कसं लिहू? पडलेली तिमाही लिहू की गाळू?

उत्तर:

पडलेली तिमाही लिहा. आणि ‘९७.५% टार्गेट पूर्ण’ असं न लिहिता ‘२४० पैकी २३४’ असंच लिहा.

सेल्स टीमसाठी माणसं निवडणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, त्यामुळे असे ईमेल मी सतत वाचते. टक्केवारी वाचली की पहिला प्रश्न मनात येतो, कशाच्या टक्के? महिन्याला ५ मशीनचं टार्गेट असलेल्या माणसाने ६ विकली तरी १२०% होतात. ‘२४० पैकी २३४’ वाचलं की कामाचा आवाका आणि निकाल दोन्ही एकदम कळतात, काही विचारावं लागत नाही. टक्केवारी काढायचीच असेल तर वाचणारा काढेल.

या आकड्याला दोन शब्द मात्र जोडावे लागतात. एक, टार्गेट तुमचं वैयक्तिक होतं की टीमचं. दुसरं, विक्री कधी मोजली जात होती: ऑर्डर आली तेव्हा, बिल झालं तेव्हा, की पैसे जमा झाले तेव्हा. हा फरक बाहेरून बारीक वाटतो, पण सेल्समधल्या माणसासाठी तो फार मोठा आहे. ऑर्डरवर मोजलेल्या २३४ मध्ये नंतर रद्द झालेल्याही असू शकतात. बिलावर मोजलेल्या २३४ मध्ये त्या नसतात. मुलाखतीत हे विचारलं जातंच. म्हणून ‘बिल झालेली विक्री’ एवढे तीन शब्द ईमेलमध्येच टाका. वसुलीही तुमच्याकडे असेल तर ती वेगळ्या वाक्यात येऊ द्या, विक्रीत मिसळू नका.

आता पडलेल्या तिमाहीबद्दल. तुमचे तिमाहीचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून मी धरून चालते: दर तिमाहीला टार्गेट ६०, आणि झाली ६६, ६३, ४२, ६३. बेरीज २३४. समजा तुम्ही फक्त ‘चारपैकी तीन तिमाहींत टार्गेट पूर्ण’ लिहिलं, तर वाचणारा चौथीबद्दल स्वतःच अंदाज बांधतो, आणि तो बहुधा खऱ्यापेक्षा वाईट असतो. त्यापेक्षा तीन गोष्टी एका वाक्यात सांगा: किती झाली, कशामुळे, आणि पुढच्या तिमाहीत किती. कारण असं हवं की ते पडताळता येईल. सर्वाधिक खपाचं मॉडेल सहा आठवडे पुरवठ्यात नव्हतं, हे कारण आहे. ‘मार्केट थंड होतं’ हे कारण नाही, कारण त्याच मार्केटमध्ये तुमच्या शेजारच्या एरियातल्या माणसाने टार्गेट केलेलं असू शकतं. आणि कारण तुमच्या बाजूचं असेल, म्हणजे नवीन एरिया हातात घेताना जुन्या ग्राहकांकडे जाणं कमी झालं असेल, तर तेही तसंच लिहा. पुढच्या तिमाहीचा ६३ हा आकडा त्या वाक्याला पुरेसा आधार देतो.

ग्राहकांच्या बाबतीत बहुतेक ईमेल ‘विविध प्रकारचे ग्राहक हाताळले’ एवढ्यावर थांबतात. इथे दोन वेगळी मापं लागतात: ग्राहक किती आणि त्यांच्याकडे माल किती गेला. उदाहरण म्हणून ९० ग्राहक घेऊ. त्यातली ५४ दहाच्या आत माणसं असलेली छोटी ऑफिसं, २४ शाळा आणि दवाखाने, आणि १२ अशा कंपन्या जिथे वेगळा खरेदी विभाग आहे. मशीन गेली अनुक्रमे ७८, ६० आणि ९६. नुसती ग्राहकसंख्या पाहिली तर हा माणूस छोट्या ऑफिसांचा विक्रेता वाटतो. मशीनची संख्या पाहिली तर त्या १२ कंपन्यांकडे सर्वांत जास्त माल गेलेला आहे. दोन्ही खरं आहे, आणि नवीन कंपनीला यातलं कोणतं हवंय हे जाहिरातीवरून कळतं. रोज नव्या दारात जाणारा माणूस हवा असेल तर ५४ ऑफिसं आधी लिहा. मोठी खाती सांभाळणारा हवा असेल तर १२ कंपन्या आधी. आकडे तेच ठेवायचे, क्रम बदलायचा.

प्रकार सांगताना त्या ग्राहकाकडे निर्णय कसा होतो हेही दोन-चार शब्दांत आलं तर उत्तम. छोट्या ऑफिसात मालक समोरच बसलेला असतो, आठवड्या-दोन आठवड्यांत हो किंवा नाही होऊन जातं. खरेदी विभागात तीन कोटेशनं मागवली जातात, वापरणारा वेगळा, मंजुरी देणारा वेगळा, पैसे सोडणारा वेगळा, आणि महिने जातात. हे माहीत असलेला माणूस एका वाक्यात ओळखू येतो. आणि त्या ९० पैकी नवे किती, आधीच्या माणसाकडून हातात आलेले किती, हेही सांगा. चालू खाती सांभाळणं सोपं नसतं, पण ते काम वेगळं आहे आणि मुलाखत घेणारा ते वेगळंच मोजतो.

सर्वांत कमी लिहिला जाणारा आणि मला सर्वांत जास्त सांगून जाणारा भाग म्हणजे फॉलो-अप. ‘नियमित फॉलो-अप घेतो’ हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. सवय आकड्यात उतरते ती तीन गोष्टींनी: किती दिवसांनी, किती वेळा, आणि तो क्रम प्रत्यक्षात किती वेळा पाळला गेला. समजा वर्षात ३०० नव्या चौकश्या आल्या आणि त्यातून ६० ग्राहक झाले, म्हणजे पाचात एक. चौकशी आली त्याच दिवशी पहिला फोन, कोटेशन गेल्यावर दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा संपर्क. मग ‘३०० पैकी २७६ जणांना त्याच दिवशी फोन’ असं लिहा. ३०० पैकी ३०० लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. सुट्ट्या असतात, आजारपण असतं, चुकीचे नंबर असतात. २७६ हा आकडा पाहिला की कळतं, या माणसाने बसून मोजलेलं आहे.

आणि एक आकडा नक्की काढा: किती ऑर्डर चौथ्या संपर्कावर किंवा त्यानंतर आल्या. ६० पैकी १८ असतील तर याचा अर्थ असा की एकविसाव्या दिवसाचा फोन केला नसता तर हे १८ ग्राहक बहुधा हातचे गेले असते. सवय आणि विक्री यांचा संबंध वाचणाऱ्याला इथे थेट दिसतो. हा आकडा शोधायला सीआरएममध्ये ग्राहकागणिक संपर्काच्या तारखा मोजाव्या लागतात. सीआरएम नसेल तर डायरी आणि फोनची कॉल नोंद असते. एक संध्याकाळ जाते, पण मुलाखतीत याच आकड्यावर सर्वांत चांगली चर्चा होते.

पाठवण्याआधी सगळे आकडे एकमेकांसमोर ठेवून पाहा. ३०० चौकश्या म्हणजे महिन्याला २५. प्रत्येकीला जास्तीत जास्त चार संपर्क धरले तर महिन्याला १००, म्हणजे कामाच्या दिवशी चार-पाच. भेटी, डेमो आणि जुने ग्राहक सांभाळून हे एका माणसाला जमतं. याउलट ‘रोज ८० कॉल’ आणि ‘रोज ६ भेटी’ एकत्र लिहिलेलं मी पाहिलं आहे. एका कॉलला नोंदीसकट पाच मिनिटं धरली तरी ८० कॉलना साडेसहा तासांहून जास्त लागतात. मग भेटी कधी झाल्या? असा एक आकडा सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

वरचे आकडे वापरून ईमेल साधारण असा होईल:

विषय: सेल्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी अर्ज – ऑफिस प्रिंटर विक्री, टार्गेट २४० पैकी २३४

नमस्कार,

आपल्याकडील सेल्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी अर्ज करत आहे. सध्या मी ऑफिस प्रिंटरची विक्री पाहतो. गेल्या वर्षी माझं वैयक्तिक टार्गेट २४० मशीनचं होतं, बिल झालेली विक्री २३४. चारपैकी तीन तिमाहींत टार्गेट पूर्ण झालं. तिसऱ्या तिमाहीत ६० पैकी ४२ झाली, कारण सर्वाधिक खपाचं मॉडेल सहा आठवडे उपलब्ध नव्हतं. पुढच्या तिमाहीत ६३ झाली.

वर्षभरात ९० ग्राहकांना विक्री केली: खरेदी विभाग असलेल्या १२ कंपन्या (९६ मशीन), २४ शाळा व दवाखाने (६०) आणि ५४ छोटी ऑफिसं (७८). यातले ६० ग्राहक नवे होते.

हे ६० ग्राहक ३०० चौकश्यांमधून आले. त्यातल्या २७६ चौकश्यांना त्याच दिवशी फोन केला. कोटेशननंतर दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी फॉलो-अप घेतो. ६० पैकी १८ ऑर्डर चौथ्या संपर्कावर किंवा त्यानंतर आल्या.

रेझ्युमे जोडला आहे. मुलाखतीसाठी आपण सांगाल त्या वेळी येऊ शकेन.

आपला,
(नाव आणि मोबाइल नंबर)

मोठ्या खात्यांच्या पदासाठी आहे असं धरून मी इथे १२ कंपन्या आधी घेतल्या आहेत. ‘मेहनती’, ‘ध्येयवादी’, ‘लोकांशी उत्तम संवाद’ हे शब्द मुद्दाम ठेवलेले नाहीत. आकडे तेच काम करतात आणि जागा कमी घेतात. ईमेल यापेक्षा लांब होऊ देऊ नका. बहुतेक जण तो फोनवर वाचतात, आणि विषयातला आकडा व पहिली दोन-तीन वाक्यं यावरच रेझ्युमे उघडायचा की नाही ते ठरतं.

एक काळजी घ्या. आकडे काढायला कंपनीची ग्राहकयादी किंवा सीआरएमची फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. ऑफिसात बसून मोजा आणि फक्त बेरजा लिहून घ्या. ईमेलमध्ये ग्राहकांची नावं, दर, सूट, कंपनीची एकूण उलाढाल यांतलं काहीही जायला नको. सध्याच्या ग्राहकांची नावं सहज सांगणारा माणूस उद्या आमच्याकडचीही सांगेल, असं वाचणाऱ्याच्या मनात येतंच. मशीनची संख्यासुद्धा तुमच्याकडे गोपनीय मानली जात असेल, तर तिथे मात्र टक्केवारी वापरा आणि शेजारी लिहा: ‘प्रत्यक्ष संख्या गोपनीय असल्यामुळे टक्केवारी दिली आहे.’ मग तिमाहीच्या ओळीत ११०%, १०५%, ७०% आणि १०५% असं येईल. ग्राहकांचे प्रकार, संपर्काचे दिवस आणि चौथ्या संपर्कावरच्या ऑर्डरचं प्रमाण तेव्हाही सांगता येतं.